सोळा जीबीचा हिशेब

जीपीटी-२ हे भाषा-मॉडेल ओपनएआयने २०१९ मध्ये चार आकारांत खुलं केलं. त्यातल्या दुसऱ्या आकारात साधारण ३५.५ कोटी पॅरामीटर आहेत. एक पॅरामीटर म्हणजे एक संख्या, आणि ती नेहमीच्या पद्धतीने साठवायला चार बाइट लागतात. म्हणजे सगळं मॉडेल १.४२ जीबीत बसतं. गुगल कोलॅबवर विद्यार्थ्यांना बऱ्याचदा फुकट मिळणारं टी-४ जीपीयू कार्ड १६ जीबी मेमरीचं असतं. दीड जीबीपेक्षा लहान वस्तू सोळा जीबीच्या जागेत ठेवायची, यात अडचण कसली? तरी आपल्याकडच्या मजकुरावर हे मॉडेल पुढे शिकवायला घेतलं आणि एकावेळी आठ उतारे दिले, की पडद्यावर `CUDA out of memory` उमटतं आणि काम थांबतं.

त्यावर तीन उपाय हमखास एका दमात सांगितले जातात: मिक्स्ड प्रिसिजन, ग्रेडियंट ॲक्युम्युलेशन आणि ग्रेडियंट क्लिपिंग. एकाच कोडमध्ये शेजारी-शेजारी दिसत असल्यामुळे हे तिन्ही मेमरी वाचवण्याचेच प्रकार असावेत असं वाटतं. पण पहिला मेमरी थोडी वाचवतो आणि वेग खूप वाढवतो, दुसरा मेमरीच्या बदल्यात वेळ घेतो आणि तिसऱ्याचा मेमरीशी संबंधच नाही. कुठला उपाय कशावर चालतो हे कळायला आधी त्या सोळा जीबीत नेमकं काय काय साठतं ते पाहायला हवं.

मॉडेल शिकतं म्हणजे एक फेरी पुनःपुन्हा घडते. मजकूर आत जातो, मॉडेल पुढच्या शब्दाचा अंदाज बांधतं आणि तो किती चुकला याची एक संख्या निघते. तिला लॉस म्हणतात. मग गणित उलट्या दिशेने चालवून प्रत्येक पॅरामीटर कुठल्या बाजूला हलवला तर लॉस कमी होईल हे काढतात. हा प्रत्येक पॅरामीटरचा ग्रेडियंट. म्हणजे ग्रेडियंटही ३५.५ कोटीच, आणखी १.४२ जीबी. पॅरामीटर प्रत्यक्ष हलवण्याचं काम बहुतेक वेळा ॲडम नावाची पद्धत करते. ती प्रत्येक पॅरामीटरसाठी दोन संख्या बाळगते: अलीकडच्या ग्रेडियंटची सरासरी आणि त्यांच्या वर्गांची सरासरी. त्यासाठी आणखी २.८४ जीबी. एकूण झाले ५.७ जीबी, आणि मजकुराचा एक शब्दही अजून आत गेलेला नाही. प्रत्येक पॅरामीटरमागे सोळा बाइट, हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे.

उरलेली जागा खातात मधली उत्तरं, म्हणजे ॲक्टिव्हेशन. गणित उलट चालवायचं तर जाताना प्रत्येक थराने काढलेली उत्तरं जपून ठेवावी लागतात. या मॉडेलला २४ थर आहेत. १०२४ टोकनांचा एक उतारा आत सोडला आणि प्रत्येक टोकन दुसऱ्या प्रत्येक टोकनाकडे किती लक्ष देतं याचा पूर्ण तक्ता साठवला, तर चार-बाइटी संख्यांत एका उताऱ्याची ॲक्टिव्हेशन पाच-साडेपाच जीबी होतात. वर शेवटी पन्नास हजार शब्दखंडांपैकी प्रत्येकाची शक्यता मांडायला आणखी अर्धा-एक जीबी लागतो. हिशेब बारा जीबीच्या आसपास जातो आणि दुसऱ्या उताऱ्याला जागा उरत नाही. (लक्ष देण्याची गणना तुकड्या-तुकड्याने करणाऱ्या नव्या पद्धती हा तक्ता साठवत नाहीत, त्यामुळे हा आकडा बराच खाली येतो. शक्य असेल तिथे त्या आधी वापराव्यात.)

आता मिक्स्ड प्रिसिजन. चार बाइटांऐवजी दोन बाइटांत संख्या लिहायची, ही मूळ कल्पना. त्यावरून मेमरी निम्मी होईल अशी अपेक्षा सहज तयार होते, आणि ती चुकीची आहे. पायटॉर्चच्या नेहमीच्या पद्धतीत पॅरामीटर, ग्रेडियंट आणि ॲडमच्या दोन्ही संख्या चार बाइटांतच राहतात. फक्त थरांच्या आतले मोठे गुणाकार दोन बाइटांत होतात. ५.७ जीबीचा तो ठोकळा तसाच राहतो. उलट गुणाकारासाठी पॅरामीटरची दोन-बाइटी प्रत लागते, म्हणून त्यात ०.७ जीबीची भरच पडते. कमी होतात ती ॲक्टिव्हेशन. आपल्या उदाहरणात एका उताऱ्यामागे ती पाच-साडेपाचवरून तीन ते चार जीबीवर येतात आणि कार्डात एकाऐवजी दोन उतारे कसेबसे मावतात. खरा फायदा वेगात आहे. एन्व्हिडियाच्या माहितीपत्रकानुसार टी-४ कार्ड चार-बाइटी संख्यांवर सेकंदाला ८.१ लाख कोटी क्रिया करतं आणि दोन-बाइटी संख्यांवर ६५ लाख कोटी. प्रत्यक्षात आठपट वेग मिळत नाही, पण फरक डोळ्यांना दिसण्याइतका असतो.

मग सगळंच दोन बाइटांत का नाही लिहायचं? याचं उत्तर बायडू आणि एन्व्हिडिया यांच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मांडलेल्या एका निबंधात आहे आणि आजही सगळे तीच वाट चालतात. दोन-बाइटी संख्येत, म्हणजे एफपी-१६ मध्ये, अचूकतेला फक्त दहा बिट मिळतात. ०.५ नंतर तिला लिहिता येणारी पुढची संख्या सुमारे ०.५००४९ आहे, मधलं काहीच नाही. शिकलेलं मॉडेल पुढे शिकवताना ॲडम एका पावलात पॅरामीटरला साधारण ०.००००३ इतकंच सरकवतो. ०.५ मध्ये ०.००००३ मिळवा, उत्तर पुन्हा ०.५. धान्याच्या पोत्यांच्या काट्यावर चिमूटभर मीठ टाकावं तसं हे होतं. हजार चिमट्या टाकल्या तरी प्रत्येक वेळी काटा मागच्याच आकड्यावर येत असेल, तर बेरीज कधी होणारच नाही. म्हणून पॅरामीटरची मूळ प्रत चार बाइटांत ठेवायची, बेरजा तिच्यावर करायच्या आणि गुणाकारापुरती तिची दोन-बाइटी नक्कल काढायची. मँडरिन बोली ओळखणाऱ्या मॉडेलवर त्या संशोधकांनी ही मूळ प्रत वगळून पाहिली, तेव्हा अचूकता सापेक्ष मापाने ८० टक्क्यांनी घसरली.

दुसरी अडचण अगदी लहान संख्यांची. एफपी-१६ मध्ये लिहिता येणारी सर्वांत लहान धन संख्या सुमारे ०.०००००००६ आहे. तिच्या निम्म्याहून लहान काहीही आलं की त्याचं शून्य होतं. ग्रेडियंट बऱ्याचदा इतके बारीक असतात. ते शून्य झाले तर मॉडेलचा तेवढा भाग शिकणंच थांबवतो, आणि कुठलीही चूक पडद्यावर येत नाही. यावरचा उपाय मला फार देखणा वाटतो. उलट गणित सुरू करण्याआधी लॉसला एका मोठ्या संख्येने गुणायचं. लॉस जितक्या पटीने वाढतो तितक्याच पटीने प्रत्येक ग्रेडियंट वाढतो, कारण उलट गणितात सगळे गुणाकारच आहेत. ०.००००००१ च्याही दहाव्या भागाइतका ग्रेडियंट ६५,५३६ ने गुणला की ०.०००६६ होतो आणि दोन बाइटांत आरामात बसतो. गणित संपलं की चार बाइटांत येऊन सगळ्यांना ६५,५३६ ने भागायचं. गुणाकारामुळे शिकण्यात काही बदललं नाही, फक्त वाटेत सांडणारं वाचलं.

हा गुणक किती असावा हे कुणी आधी सांगू शकत नाही, कारण वरच्या बाजूलाही भिंत आहे. ६५,५०४ च्या पुढची संख्या एफपी-१६ ला लिहिता येत नाही, तिथे अनंत येतं. म्हणून पायटॉर्चमधलं गुणक सांभाळणारं साधन, `GradScaler`, चाचपडत चालतं. सुरुवात ६५,५३६ पासून करतं. ग्रेडियंटमध्ये कुठे अनंत दिसलं तर ते पाऊल टाकतच नाही आणि गुणक निम्मा करतं. सलग २,००० पावलं नीट गेली तर गुणक दुप्पट करतं. सुरुवातीची दोन-चार पावलं गळणं त्यामुळे स्वाभाविक आहे. पण गुणक निम्मा होत होत एकाच्याही खाली गेला, तर दोष त्या साधनाचा नाही. मॉडेलच्या आत संख्या फुगत चालल्या आहेत आणि गुणक ते फक्त दाखवतो आहे. मेटाने २०२२ मध्ये १७,५०० कोटी पॅरामीटरचं ओपीटी मॉडेल घडवताना हेच चिन्ह पाहिलं होतं: लॉस हाताबाहेर जायचा तेव्हा गुणकही कोसळायचा.

बीफ्लोट-१६ या दुसऱ्या दोन-बाइटी पद्धतीत ही गुणकाची कसरत बहुधा लागत नाही. तिने पल्ला चार-बाइटी संख्येइतका ठेवला आणि त्यासाठी अचूकता सातच बिटांवर आणली. फार लहान किंवा फार मोठ्या संख्या तिला लिहिता येतात, पण १ नंतरची तिची पुढची संख्या थेट १.००७८ आहे. त्यामुळे चार-बाइटी मूळ प्रतीची गरज इथे आणखी वाढते. २०२० नंतरच्या ए-१०० सारख्या कार्डांत तिची सोय आहे. टी-४ त्याआधीचं, २०१८ चं आहे. त्याच्या गुणाकार-यंत्रणेत बीफ्लोट नाही, म्हणून फुकटच्या कार्डावर काम करणाऱ्याला गुणक समजून घेण्यावाचून गत्यंतर नाही.

आता कार्डात दोन उतारे मावतात. पण दोन उताऱ्यांवरून काढलेला ग्रेडियंट फार हेलकावे खातो. एका पावलाला क्रिकेटचं वृत्त येतं, पुढच्याला कोर्टाचा निकाल, आणि मॉडेल दोघांच्या ओढीने इकडेतिकडे होतं. समजा आपल्याला एका पावलामागे ३२ उतारे हवे आहेत. ग्रेडियंट ॲक्युम्युलेशन म्हणजे दोन-दोन उताऱ्यांच्या सोळा फेऱ्या करायच्या, प्रत्येक फेरीचे ग्रेडियंट आधीच्यांत मिळवत जायचं आणि सोळाव्या फेरीनंतरच पॅरामीटर हलवायचे. प्रत्येक फेरी संपली की तिची ॲक्टिव्हेशन मोकळी होतात. ग्रेडियंटची जागा १.४२ जीबीच राहते, मग बेरीज सोळाची असो वा शंभराची. म्हणून मेमरी दोन उताऱ्यांची लागते आणि पाऊल ३२ उताऱ्यांचं पडतं. किंमत वेळेत मोजायची: एका पावलाला सोळा फेऱ्यांचा वेळ जातो.

ही युक्ती आहे की तडजोड? या मॉडेलपुरतं बोलायचं तर बेरीज तीच, उत्तर तेच, फक्त गणनेतला किरकोळ फरक सोडून. बॅच नॉर्मलायझेशन वापरणारी चित्र ओळखणारी मॉडेल मात्र एका फेरीतल्या नमुन्यांची सरासरी आतल्या आत वापरतात. त्यांना दोन-दोनचे सोळा गट आणि बत्तीसचा एक गट सारखे नसतात. जीपीटी प्रत्येक टोकन स्वतंत्रपणे समतोल करतं, म्हणून तिथे ही अडचण येत नाही.

पण सरासरीचा एक खड्डा इथेही आहे आणि त्यात खूप मोठी मंडळी खूप काळ पडलेली होती. प्रत्येक फेरीत लॉस हा त्या फेरीतल्या टोकनांची सरासरी असतो, म्हणून सोळा फेऱ्यांच्या लॉसला सोळाने भागायचं, अशी सर्वांची पद्धत. सगळे उतारे १०२४ टोकनांचे असतील तर ती बरोबरच आहे. उतारे लहानमोठे असले की ती चुकते. एका फेरीत १,००० टोकन आणि सरासरी लॉस २, दुसरीत १०० टोकन आणि सरासरी लॉस ४ असं धरा. खरी सरासरी २,४०० भागिले १,१००, म्हणजे सुमारे २.१८. सरासऱ्यांची सरासरी मात्र ३. शंभर टोकनांच्या आखूड उताऱ्याला हजार टोकनांइतकंच वजन मिळालं. ऑक्टोबर २०२४ मध्ये अनस्लॉथच्या मंडळींनी हा दोष सर्वांसमोर आणला आणि हगिंग फेसच्या ट्रान्सफॉर्मर्स लायब्ररीत त्यानंतर दुरुस्ती झाली. तोवर प्रश्नोत्तरांसारख्या लहानमोठ्या नमुन्यांवर असंख्य मॉडेल या चुकीसह घडली होती. मॉडेल शिकायची, लॉस उतरायचा, म्हणून कुणाला संशय आला नव्हता. दुरुस्ती सोपी आहे: प्रत्येक फेरीत सरासरी न घेता लॉसची बेरीज घ्यायची आणि सोळाही फेऱ्यांतल्या एकूण टोकनांनी भागायचं.

तिसरं साधन, ग्रेडियंट क्लिपिंग, एक बाइटही वाचवत नाही. ते जुनं आहे. पास्कानू, मिकोलोव आणि बेंजिओ यांच्या २०१३ च्या निबंधामुळे ते सर्वत्र पोहोचलं, तेव्हा चर्चा रिकरंट नेटवर्कची होती. सगळ्या ३५.५ कोटी ग्रेडियंटचे वर्ग करून बेरीज करायची आणि वर्गमूळ काढायचं. ही एकच संख्या सगळ्या ग्रेडियंटची मिळून लांबी सांगते. तिला नॉर्म म्हणतात. मर्यादा १ ठेवली आणि नॉर्म ०.८ आला, तर काहीच करायचं नाही. ४० आला, तर प्रत्येक ग्रेडियंटला ४० ने भागायचं. दिशा तीच राहते, उडी छोटी होते. जीपीटी-३ घडवतानाही मर्यादा १ च होती.

नॉर्म एकदम ४० वर का जावा? वेबवरून गोळा केलेल्या मजकुरात एखादं पान एकाच चिन्हाने भरलेलं असतं, किंवा संकेतस्थळाच्या आतल्या कोडचा कचरा मजकूर म्हणून आलेला असतो. अशा उताऱ्यावर अंदाज भलताच चुकतो. ॲडम मोठ्या ग्रेडियंटला स्वतःच आवर घालतो, मग क्लिपिंग कशाला, असा प्रश्न जाणकारही विचारतात. ॲडम आवर घालतो पण विसरत नाही. त्याच्या नेहमीच्या मापांनुसार दिशेच्या सरासरीत नव्या ग्रेडियंटचा वाटा दहावा असतो. एरवी ०.८ असलेल्या ठिकाणी ४० आला की त्याचा दहावा भाग ४, म्हणजे पुढची आठ-दहा पावलं मॉडेल त्या एका कचरा-पानाच्या दिशेनेच ओढलं जातं. वर्गांच्या सरासरीत वाटा हजारावा असतो: १,६०० चा हजारावा १.६, आणि आधी तिथे ०.६४ होतं. ही फुगलेली सरासरी ओसरायला शेकडो पावलं लागतात. तेवढा काळ चांगल्या मजकुरावरही मॉडेल जवळपास निम्म्याच वेगाने हलतं. क्लिपिंग हा मार ॲडमच्या आठवणीत शिरण्याआधी अडवतं.

तिन्ही एकत्र आले की क्रम महत्त्वाचा ठरतो. एका पावलाचा कोड असा दिसतो:

```python
for i in range(16):
    x, y = next(batches)
    with torch.autocast("cuda", dtype=torch.float16):
        loss = model(x, y) / 16
    scaler.scale(loss).backward()

scaler.unscale_(opt)
norm = torch.nn.utils.clip_grad_norm_(model.parameters(), 1.0)
scaler.step(opt)
scaler.update()
opt.zero_grad(set_to_none=True)
```

`unscale_` ची ओळ गाळली तर काय होतं ते पाहण्यासारखं आहे. ग्रेडियंट अजून ६५,५३६ पटीने फुगलेले आहेत. नॉर्म १ च्या वर जातोच जातो, म्हणून प्रत्येक पावलाला तो १ वर आणला जातो. नंतर `scaler.step` त्यालाच ६५,५३६ ने भागतं. उरलेली लांबी ३५.५ कोटी पॅरामीटरवर पसरली की एकेकाच्या वाट्याला सरासरी ०.०००००००००८ च्या आसपास येतं. शून्याने भागाकार होऊ नये म्हणून ॲडम भाजकात ०.००००००0१ इतकी एक बारीक संख्या मिळवतो. आता तीच ग्रेडियंटच्या दहापट मोठी ठरते आणि मॉडेल दहाव्या भागाहूनही कमी वेगाने शिकतं. प्रोग्राम थांबत नाही, लॉसही हळूहळू उतरतो. बघणाऱ्याला वाटतं मजकूरच कठीण आहे.

म्हणून `norm` ची किंमत दर पावलाला नोंदवून ठेवावी, असा माझा आग्रह आहे. ही ओळ कापण्याआधीचा नॉर्म परत देते, तो टाकून देऊ नये. एरवी ०.५ ते १ मध्ये फिरणारा नॉर्म कधीतरी उसळला आणि परत आला, तर क्लिपिंग आपलं काम करतं आहे. तो हजारोंत दिसला, तर गुणक उतरवायचा राहिला आहे. कायम १२-१३ च्या आसपास दिसला, तर सोळाने भागायचं राहून गेलं आहे: ०.८ गुणिले १६ म्हणजे १२.८. ही दुसरी चूक क्लिपिंगमुळे झाकली जाते, कारण दर पावलाला सगळं १ वर कापलं जाऊन लॉसचा आलेख निरोगी दिसतो. प्रत्येक पाऊल कापलं जात असेल तर मर्यादा वाढवण्याआधी कोड वाचावा. क्लिपिंग फेऱ्यांच्या आतही ठेवू नये. तिथे दर वेळी आतापर्यंतची बेरीज कापली जाते, आणि पहिल्या फेरीतले उतारे सोळाव्या फेरीपर्यंत पुनःपुन्हा आक्रसतात.

क्लिपिंगने सगळे झटके टळतात असंही नाही. गुगलच्या ५४,००० कोटी पॅरामीटरच्या पाम मॉडेलमध्ये क्लिपिंग चालू असूनही लॉस सुमारे वीस वेळा उसळला होता. तिथल्या अभियंत्यांनी उसळीच्या साधारण शंभर पावलं मागच्या जतन केलेल्या प्रतीकडे जाऊन त्या जागचे दोनशे ते पाचशे मजकूर-गठ्ठे वगळले आणि पुढे चाल केली. घरच्या कार्डावरही तो मार्ग खुला आहे, फक्त प्रती वेळोवेळी जतन केलेल्या हव्यात.

जीपीटी-२ चा सर्वांत मोठा आकार, १५० कोटी पॅरामीटरचा, याच टी-४ वर घ्यायचा म्हटलं तर मात्र ही तिन्ही साधनं अपुरी पडतात. १५० कोटी गुणिले सोळा बाइट म्हणजे २४ जीबी. फेऱ्या कितीही लहान केल्या, अगदी एका उताऱ्यावर आणल्या, तरी हा ठोकळा हलत नाही. तिथे सोळा बाइटांच्या हिशेबालाच हात घालावा लागतो. ॲडमच्या दोन संख्या एकेका बाइटात ठेवणारी पद्धत २०२१ मध्ये आली. तिने पॅरामीटरमागे सोळाचे दहा बाइट होतात, म्हणजे १५ जीबी, आणि ॲक्टिव्हेशनला जागा उरत नाही. त्याच वर्षीची लोरा ही पद्धत मूळ पॅरामीटर गोठवते आणि त्यांच्या बाजूला बसवलेले थोडेच नवे शिकवते. गोठलेल्यांना ना ग्रेडियंट लागतो, ना ॲडमच्या संख्या. दोन बाइटांत ते तीन जीबीत बसतात, आणि मग उरलेल्या जागेत ॲक्युम्युलेशनच्या फेऱ्या पुन्हा सुरू करता येतात.